डोळा चोळून कचरा निघत नाही, ओरखडा पडतो

“डोळ्यात कचरा गेला की डोळा मिटून जोरात चोळा, पाणी सुटून तो वाहून जातो. ग्राइंडरचा कण असेल तर रुमालाच्या टोकाने काढा. खुपायचं थांबलं की झालं, डॉक्टरकडे जायची गरज नाही.” असा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो चुकीचा आहे.

पाणी सुटतं ते कण टोचल्यामुळे. त्यासाठी चोळावं लागत नाही. वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला, कडेपासून साधारण 2 मिमीवर एक बारीक खाच असते. वाऱ्याने आलेला कण पुष्कळदा तिथे जाऊन बसतो. मग पापणी लवेल तसा तो कॉर्नियावर, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यावर, घासत राहतो. हा पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिमी जाड आणि त्याचं वरचं साल त्याच्याही दहाव्या हिश्श्याएवढं. बोटाने दाबून चोळलं की तोच कण सालात रुततो. केशरी औषधाची पट्टी लावून निळ्या उजेडात पाहिलं की बुबुळावर उभे हिरवे ओरखडे दिसतात, मांजराने नख मारावं तसे. ते दिसले की आम्ही डोळ्यांचे डॉक्टर आधी पापणी उलटून बघतो.

रुमालाचं म्हणाल तर ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापलेलं लोखंड. ती कॉर्नियावर पडते तशी चिकटून बसते. टोकाने ती सहसा निघत नाही, आजूबाजूचं साल मात्र सोलवटतं. ग्रिल बनवणारा एक पोरगा तिसऱ्या दिवशी आला होता. वर्कशॉपमधल्या ‘एक्स्पर्ट’ने काडीला कापूस गुंडाळून कण काढला होता म्हणे. कण निघालाही होता, पण त्याच्या जागी गंजाचं तपकिरी कडं उरलं होतं. असा गंज काही तासांतच धरायला लागतो. तो भूल देणारे थेंब टाकून, सूक्ष्मदर्शकाखाली खरवडून काढावा लागला.

आणि खुपणं हा काही भरवशाचा पुरावा नाही. कण धुऊन गेला तरी ओरखडा कचऱ्यासारखाच टोचतो, म्हणून माणूस ‘अजून आहे’ असं समजून आणखी चोळतो. उलट हातोडा-छिन्नी चालवताना उडालेला तुकडा डोळ्याच्या आत घुसला तर फारसं दुखतही नाही. तिथे पाणी मारू नका, दाबू नका. वर वाटीसारखं काहीतरी झाकून थेट नेत्रतज्ज्ञाकडे न्या.

साधी धूळ असेल तर हात धुवा, काँटॅक्ट लेन्स असेल तर काढा, स्वच्छ पाण्याची धार सोडत डोळ्यांची उघडझाप करा. वरची पापणी पापण्यांच्या केसांना धरून खालच्या पापणीवर ओढली तर खालचे केस कण झाडून काढतात, हे मात्र खरंच जमतं. साधा ओरखडा बहुधा एक ते तीन दिवसांत भरतो. पण नजर धूसर झाली, उजेड सोसेना, किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी दाखवा. मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब आणून टाकू नका. उसाचं पान लागून झालेल्या जखमेत बुरशी असली, तर त्या थेंबांनी ती झपाट्याने पसरते.