सर्जरी की रेडिऑलॉजी: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: ‘एमएस जनरल सर्जरी आणि एमडी रेडिऑलॉजी यांची तुलना तुम्ही वयाच्या आणि उत्पन्नाच्या हिशेबाने केलीत, हे मला पटले नाही. ज्याला सर्जन व्हायचे आहे त्याला वर्षे मोजायला लावून तुम्ही मुलांना सोयीच्या शाखांकडे ढकलत आहात. शाखा आवडीनेच निवडावी.’

नमस्कार. आवड आधी, याबद्दल आपल्यात मतभेद नाही. मात्र ती कशाची आवड आहे, हे तपासल्याशिवाय तिच्यावर आयुष्याची पंधरा वर्षे लावू नयेत, असे मला सर्जन म्हणून काम करताना ठामपणे वाटत आले आहे.

विद्यार्थ्याला ऑपरेशन थिएटरमधले दोन तास आवडतात. सर्जनचे काम मात्र तिथे संपत नाही. आतड्याचा तुकडा काढून दोन टोके जोडली की पुढचा आठवडाभर मन त्या जोडावर असते. जोड गळू लागला तर ते बहुधा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास लक्षात येते, आणि पहिली खूण अनेकदा पोटदुखी नसून कारण न सापडणारी वाढलेली नाडी असते. रुग्ण ‘बरं वाटतंय’ म्हणत असताना ती नाडी पाहून अस्वस्थ होणे, मध्यरात्री पुन्हा पोट उघडण्याचा निर्णय घेणे आणि नातेवाइकांना तो समजावून सांगणे, हा या शाखेचा रोजचा भाग आहे. हे पाहूनही ज्याची ओढ टिकते त्याने सर्जरीच घ्यावी. इंटर्नशिपमधल्या सर्जरीच्या पोस्टिंगमध्ये हे तपासता येते. त्यासाठी थिएटरपेक्षा वॉर्डात जास्त थांबावे लागते. रेडिऑलॉजीत बहुतेकांना तेवढी संधी आपोआप मिळत नाही, म्हणून ती मागून घ्यावी आणि एक अख्खी दुपार सोनोग्राफीच्या खोलीत बसून, एकामागून एक पोटाच्या तपासण्या पाहताना आपले लक्ष टिकते का, हे पाहावे.

आता वर्षांचा प्रश्न. अठराव्या वर्षी एमबीबीएसला प्रवेश घेतलेली मुलगी साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षाची इंटर्नशिप संपवून ‘नीट-पीजी’साठी एक वर्ष दिले, तर पंचविशीच्या आसपास पदव्युत्तर प्रवेश घेते. तीन वर्षांनी ती अठ्ठावीस वर्षांची असते आणि शासकीय महाविद्यालयातून शिकली असेल तर सक्तीच्या शासकीय सेवेच्या बॉंडचे एक वर्ष धरून एकोणतीस. इथपर्यंत दोन्ही शाखांचा हिशेब सारखाच आहे. फरक पुढे पडतो. एमडी रेडिऑलॉजी झालेली व्यक्ती त्याच पदवीवर पूर्ण वेळ काम करू लागते. एमएस झालेल्या मुलीला पुण्या-मुंबईत राहून प्लॅस्टिक सर्जरी, युरॉलॉजी किंवा कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करायच्या असतील, तर एमसीएच या त्यापुढच्या पदवीची आणखी तीन वर्षे आणि त्याआधीची वेगळी प्रवेश परीक्षा समोर असते. एकही वर्ष वाया न जाता तिला बत्तिशी-तेहतिशी गाठावी लागते.

हीच मुलगी तालुक्याच्या किंवा लहान जिल्ह्याच्या ठिकाणी जाणार असेल तर चित्र पालटते. तिथे हर्निया, अपेंडिक्स, मूळव्याध, फुटलेला अल्सर, अडकलेले आतडे हे सारे जनरल सर्जनकडेच येते आणि एमएस ही पुरेशी पदवी ठरते. म्हणजे शिक्षणाची लांबी शाखेइतकीच गावावर ठरते. त्यामुळे सर्जरी घेऊ पाहणाऱ्यांना मी आधी, कुठे राहणार आहात, असे विचारतो. माझ्या मते, या निवडीत सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न हाच आहे.

उत्पन्नाचा विचार करणे मला कमीपणाचे वाटत नाही, विशेषतः ज्याच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे त्याच्यासाठी. रेडिऑलॉजिस्टला नोकरीत सुरुवातीपासून बऱ्यापैकी पगार मिळतो. सर्जनचे उत्पन्न त्याच्याकडे रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरांचा विश्वास बसेल तसे हळूहळू वाढते. पण स्वतःचे सेंटर काढायचे म्हटले की एमआरआयसारख्या यंत्राचा खर्च कोटींच्या घरात जातो. शिवाय गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखालील नियमांनुसार एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच ठिकाणी सोनोग्राफी करता येते आणि गर्भवतीच्या प्रत्येक तपासणीचा एफ फॉर्म काटेकोर भरावा लागतो. चार गावांत फिरून सोनोग्राफी करण्याचा बेत त्यामुळे बसत नाही.

आपण ‘सोयीच्या शाखा’ म्हणता, त्यात रेडिऑलॉजी धरू नये, अशी माझी विनंती आहे. पक्षाघाताच्या रुग्णाला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटी पाहून कळल्याशिवाय ते देता येत नाही. पहाटे तीनला तो सीटी वाचणाऱ्याची चूक त्या रुग्णाला सर्जनच्या चुकीइतकीच महागात पडते. फरक इतकाच की रिपोर्ट दिल्यावर बहुधा त्याला वॉर्डातून फोन येत नाही. हा फरक ज्याला हवा आहे त्याने तो उघडपणे मोजावा.

हे सगळे पसंतीक्रम भरण्याआधीच व्हायला हवे, असा माझा आग्रह आहे, कारण शेवटच्या फेरीत मिळालेली जागा नंतर सोडली तर अनामत रक्कम जाते आणि बहुधा पूर्ण वर्षही जाते.