समजतं सगळं, बोलत मात्र नाही

"मुलगी सहा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं तिला पण उत्तर इंग्रजीतच येतं. आम्ही दोघं जॉबला, घरी यायला सहा वाजतात. आता उशीर झालाय का? आणि रोज नेमकं करायचं काय ते सांग, भाषण नको."

धुळ्याच्या कॉलेजातली माझी मैत्रीण, आता मँचेस्टरला असते, तिचा हा मेसेज आमच्या जुन्या ग्रुपवर आला आणि तासाभरात तिथं नुसता गोंधळ. एकानं लिहिलं की दोन भाषांनी पोरं कन्फ्यूज होतात, त्याचा पुतण्या म्हणे त्यामुळंच उशिरा बोलायला लागला. जळगावच्या एका काकांनी मुळाक्षरांच्या तक्त्याचा फोटो टाकला, आता पोरगी बोलत नाही अन काका तिला बाराखडी शिकवायला निघालेत. आणि एक जण थेट म्हणाला, इथं सरकार पहिलीपासून हिंदी लादायला निघालं होतं तेव्हा तुम्ही परदेशातले कुठं होता, आता मराठीचं प्रेम उतू चाललंय.

त्या शेवटच्याचं आधी बघू. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला, जूनमध्ये बदलला आणि २९ जूनला सरकारनं मागे घेतला, ते सगळं मी इथं जर्मनीत बसून रोज वाचत होतो आणि विरोध करणाऱ्यांच्या बाजूनंच होतो. पण तो वाद शाळेचा. अमळनेरच्या पोराला शाळेत काहीही शिकवलं तरी रिक्षावाला, किराणा दुकान, गल्लीतलं क्रिकेट हे सगळं त्याला फुकटात मराठी (आणि अहिराणी) देत असतं. इथं गल्लीच नाही. आपल्या पोरांसाठी मराठी बोलणारी माणसं म्हणजे आईबाप, दोनच, तीही थकलेली. अभिजात दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ ला मिळाला, मीही स्टेटस ठेवलं होतं, पण त्यानं माझ्या पोराच्या तोंडून एक वाक्य जास्त निघालं नाही. आणि खरं सांगायचं तर जळगावात इंग्लिश मीडियमला घातलेल्या पोराला "बेटा शूज घाल, हँड वॉश कर" म्हणणारे आईबाप मला दर सुट्टीत दिसतात, त्यामुळं आम्हाला टोमणे मारायचा हक्क सगळ्यांना सारखा नाही.

कन्फ्यूजवाला अर्धा बरोबर आहे. दोन भाषांतली पोरं शब्द मिसळतात आणि सुरुवातीला एकेका भाषेतले त्यांचे शब्द कमी असू शकतात, पण दोन्हीकडचे मिळून मोजले तर बहुतेक वेळा बरोबरीनं भरतात. पोरगं कुठल्याच भाषेत बोलत नसेल तर कान आणि बोलणं तपासून घ्यायचं, भाषा बंद करून तो प्रश्न सुटत नाही.

आता मैत्रिणीचं. उशीर बिलकुल नाही, सहाव्या वर्षी समजतंय म्हणजे अवघड अर्धं काम झालेलंय. पण इथं बहुतेक जण उलट उपाय करतात, अजून ऐकवतात, मराठी कार्टून, मराठी गोष्टी. ऐकणं तिला येतंच की. तिला कमी पडतंय ते बोलायची वेळ येणं. तू मराठीत विचारतेस, ती इंग्रजीत सांगते, तू समजून पुढं जातेस, दोघींचं काम भागतं, मग तिनं कशाला त्रास घ्यावा? बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात अ‍ॅनिक डी हाउवर यांनी सुमारे १९०० कुटुंबांची पाहणी केली होती, २००७ ला छापली, सगळी घरं अशी की आईबापांपैकी निदान एक जण तरी बाहेरच्यापेक्षा वेगळी भाषा बोलतो. तरी साधारण चारातल्या एका घरात पोरं ती भाषा बोलत नव्हती. जिथं दोघंही घरात फक्त आपलीच भाषा बोलायचे तिथली पोरं बहुतेक बोलती राहिली, आणि दोघंही बाहेरची भाषा घरात आणायचे तिथं गळती जास्त. म्हणजे तू आणि तुझा नवरा एकमेकांशी इंग्रजीत बोलत असाल (ऑफिसचं, बिलांचं, भांडणाचं सुद्धा) तर पहिला बदल तिथं, पोरीत नाही.

दुसरा बदल तिच्या इंग्रजी उत्तरानंतरच्या दोन-तीन सेकंदात. आमच्याकडे कसं चालतं ते सांगतो. दिवसभर मराठीचा आग्रह नोकरी करणाऱ्याला जमत नाही, एकच जागा पकडायची, आमची जागा म्हणजे संध्याकाळी स्वयंपाकाची वीस मिनिटं. पोरगा स्टुलावर उभा, टीव्ही बंद, फोन बाहेरच्या खोलीत. तो जर्मनमध्ये सांगतो की हे नको. मी "मराठीत बोल" म्हणत नाही, त्यानं पोरगं गप्प होतं आणि आपण मास्तर होतो. मी म्हणतो, "नको का तुला? मग काय देऊ, काकडी का गाजर?" आणि थांबतो, खरंच थांबतो, हात चालू ठेवून. दोन पर्याय दिले की शब्द माझ्या तोंडातून आत्ताच ऐकलेला असतो, त्याला फक्त उचलायचा असतो. "गाजर" आलं की "गाजर किसू का कापू?" मग "किस". चार दिवस असे एकेक शब्दच येतील, येऊ दे. मग पर्याय काढून घ्यायचे आणि वाक्य अर्धं सोडायचं, "आता कढईत आधी तेल, मग…" आणि तो म्हणतो मोहरी. त्याच्या पुढची पायरी म्हणजे त्याच्याकडे काम सोपवायचं, आईला जाऊन विचार भाकरी किती टाकायच्या आणि मला येऊन सांग. आईनं मात्र तिकडं मराठीतच उत्तर द्यायला हवं, नाहीतर निरोप जर्मनमध्येच परत येतो.

आणि चुका येणार. पोरगा "मी जाते, मी खाते" म्हणतो कारण दिवसभर कानावर आईचं बोलणं पडतं. आजोबांना "तू कधी येशील" म्हणतो, कारण अहो-जाहो त्याच्याशी कुणी बोललेलंच नाही, मग त्याला कुठून येणार? हसायचं नाही, थांबवायचंही नाही, फक्त बरोबर करून परत म्हणायचं, "हो, तू जातोस ना, चल मीही येतो." आजोबांसाठी एक युक्ती म्हणजे आम्ही दोघं त्याच्यासमोर आजोबांशी बोलताना "तुम्ही या, तुम्ही बघा" मुद्दाम ठसक्यात बोलतो. अजून पूर्ण सुटलेलं नाही.

जमतंय का हे कसं ओळखायचं? "मला मिल्क पाहिजे" आलं तर खूश हो, "पाहिजे" मराठी आहे, "मला" मराठी आहे, एक नाम बाहेरचं आहे, दूध नंतर येईल. बाहुलीला मराठीत रागावली, "म्हणजे काय" असं मराठीत विचारलं, तर काम चाललंय. उलट ती शाळेतलं सांगायचंच बंद झाली तर आग्रह जास्त झाला असं समज. शाळेत कुणी त्रास दिला, रडत आली, तर कुठल्याही भाषेत ऐक, तेव्हा गाजर-काकडी करू नकोस. शाळेच्या गोष्टी शाळेच्याच भाषेत येतात कारण ते शब्दच तिच्याकडे मराठीत नसतात, ते मी तरी चालवून घेतो.

तिसरं, आजीचा कॉल. सगळ्यांकडे असतो आणि बहुतेकांचा फुकट जातो, "कशी आहेस, जेवलीस का, हो, बाय". त्यात आई बाजूला बसून दोन्हीकडचं ट्रान्सलेट करते, तिथंच संपलं. मँचेस्टरहून उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक, हिवाळ्यात साडेपाच, म्हणजे तुमची सकाळी साडेसातची वेळ तिकडं बारा किंवा एक, आजीचा स्वयंपाक आटोपलेला असतो. शाळेआधी दहाच मिनिटं, आठवड्यातून दोनदा, आणि तू खोलीतून बाहेर. पोरीच्या हातात दाखवायला काहीतरी दे, काल काढलेलं चित्र, तुटलेलं खेळणं. आजीलाही कामाला लाव, तिनं गच्चीवर वाळत टाकलेले बिबडे दाखवायचे आणि पोरीच्या चित्राबद्दल मुद्दाम चुकीचं विचारायचं, "हे मांजर आहे का गं?" पोरगी चिडून "नाही आजी, कुत्रा आहे" म्हणणारच. आजीला इंग्रजी येत नाही हे तुझ्या हातातलं सगळ्यात मोठं भांडवल आहे, आजीनं हौसेनं "गुड मॉर्निंग" सुरू केलं तर तिला थांबव.

शनिवारच्या मराठी शाळेचं कुणीतरी विचारलं. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळामुळं त्याची घडी बसलीय, इथंही कुठं कुठं चालतात, जवळ असेल तर घाल, दुसरी मराठी पोरं भेटतात म्हणून. पण तिथं ती पोरं मधल्या सुट्टीत एकमेकांशी इंग्रजीतच बोलतात हे डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळं आठवड्यातून एक वर्ग म्हणजे झालं असं समजू नकोस.

गावी जाणं हा खरा डोस, त्यात एक अडचण आहे जी कुणी सांगत नाही. तिकडची आठवी-नववीची चुलत भावंडं "फॉरेनची" बहीण आली की आपली इंग्रजी तिच्यावर पाजळून घेतात. म्हणून तिला चार-पाच वर्षांच्या पोरांत सोड, ज्यांना इंग्रजी येतच नाही आणि जी ऐकूनही घेत नाहीत. इकडची उन्हाळ्याची सुट्टी श्रावणात पडते, बऱ्याचदा आपल्या खानदेशातला कानबाईचा सण त्यातच येतो, नागपंचमीनंतरचा रविवार, अख्खी भाऊबंदकी एका घरात, रोटांचा स्वयंपाक, तिथं इंग्रजीला जागाच नसते.

यावर ग्रुपवर नवा वाद निघाला की कोणती मराठी. माझी आई नातवाला "आठे ये, काय करी ऱ्हायना रे" असं अहिराणीतच बोलते आणि मी तिला बदलायला सांगत नाही, लहानपणी आम्हाला शाळेत "नीट बोल" म्हणून अहिराणी सोडायला लावली तेच मी आता तिला कसं सांगू. बायको नाशिकची, तिचं म्हणणं आधीच जर्मन, इंग्रजी, मराठी आहे, त्यात चौथी कशाला, पोरगं कशातच धड होणार नाही. मला वाटतं एका माणसाची एक बोली पक्की असेल तर पोरगं माणसावरून ओळखतं, आजीशी ते "तठे" म्हणतंच आता आणि आईशी "तिथं". बायकोला हे पटलेलं नाही आणि धुळ्याच्या मैत्रिणीलाही नाही, ती म्हणाली आधी गाजर-काकडीचं बघते मग अहिराणीचं बोलू. तिच्या नवऱ्याला शिफ्टमुळं संध्याकाळ मिळत नाही, त्यानं सकाळी शाळेत सोडतानाची गाडीतली पंधरा मिनिटं घेतलीत, रेडिओ बंद ठेवायला तो अजून तयार नाही.