सोळा चौकटींसमोर बसलेले मामा

आमच्या सोसायटीच्या गेटवर रात्री आठ ते सकाळी आठ अशी ड्युटी करणारे वॉचमन मामा मूळचे उदगीरकडचे आहेत. गेल्या पावसाळ्याआधी सोसायटीने सोळा कॅमेरे बसवून घेतले, केबिनमध्ये मोठा मॉनिटर टांगला गेला आणि बसवायला आलेल्या माणसाने जाताना सेक्रेटरींना मागचे रेकॉर्डिंग कसे शोधायचे ते दहा मिनिटांत दाखवले. ज्यांना रोज बारा तास त्या पडद्यासमोर बसायचे होते, त्या मामांना मात्र कोणी काहीच दाखवले नाही. मीही कमिटीत आहे आणि त्या दिवशी तिथे हजर होते, म्हणून ही चूक माझीसुद्धा आहे, हे आधीच सांगते.

पंधरा दिवसांनी रात्री उशिरा घरी परतताना मी केबिनपाशी थांबले, तेव्हा मामा म्हणाले, "ताई, इतक्या खिडक्या एकदम कशा बघाव्या माणसानं? एकीत बघंस्तोवर दुसरीतलं निघून जातंय."

त्यांच्या शेजारी उभी राहून मी पडदा पाहिला आणि अडचण कुठे आहे ते लक्षात आले. वायरी ज्या क्रमाने जोडल्या गेल्या, त्याच क्रमाने चौकटी मांडलेल्या होत्या. पहिल्या चौकटीत गेट होते आणि तिला लागून गच्चीवरची पाण्याची टाकी होती. गेटमधून आत आलेला माणूस पहिल्या चौकटीतून निघून अकराव्या चौकटीत उगवायचा, तिथून सहाव्या आणि मग थेट चौदाव्या. प्रत्यक्षात तो सरळ चालत असे, पण पडद्यावर त्याच्या उड्या चालल्या होत्या. ज्या माणसाला गेट उघडायचे आहे, रजिस्टरमध्ये नोंद करायची आहे आणि त्यातून मिळणाऱ्या दोन-चार सेकंदांत पडद्याकडे पाहायचे आहे, त्याच्या डोळ्यांनी अशा मांडणीचा माग कसा काढावा?

सुदैवाने चौकटींच्या जागा बदलता येतात. सेटिंगमध्ये जाऊन एक चित्र माऊसने ओढून दुसऱ्याच्या जागी सोडायचे असते. त्याने रेकॉर्डिंगला धक्का लागत नाही, फक्त पडद्यावरचे ठिकाण बदलते. त्या रविवारी रात्री मामा मॉनिटरसमोर बसले आणि मी गेटपासून बी विंगच्या लिफ्टपर्यंत तीन वेळा चालत गेले. मी कोणत्या चौकटीतून बाहेर पडते आणि किती सेकंदांनी कोणत्या चौकटीत शिरते, ते त्यांनी वहीच्या पानावर लिहून घेतले. गेट, त्याच्या उजवीकडे आतला रस्ता, मग पार्किंगचा कोपरा, खालच्या ओळीत दोन्ही विंगच्या लॉबी, अशा चालण्याच्या क्रमाने आम्ही फक्त नऊ चौकटी ठेवल्या. गच्ची, पंपरूम, क्लबहाउस यांचे रेकॉर्डिंग चालूच राहते, पण रात्री ती चित्रे सतत डोळ्यांसमोर असण्याची गरज नाही, असे माझे ठाम मत आहे. मॉनिटरचा उजेडही आम्ही बराच कमी केला, कारण लख्ख पडद्यावरून नजर उचलली की गेटबाहेरचे अंधारातले काही क्षण दिसतच नसे.

यानंतर मामा जे शिकले ते त्यांचे ते शिकले. अंधार पडल्यावर कॅमेरे स्वतःचा अवरक्त प्रकाश टाकतात आणि चित्र काळेपांढरे होते, तेव्हा कपड्यांच्या रंगावर विश्वास ठेवता येत नाही. एकदा एका रहिवाशाने काळा टी-शर्ट घातलेल्या मुलाबद्दल विचारले असता मामांनी विचारले, "पडद्यावर तो पांढरा दिसला असंल का?" आणि खरोखर तसेच निघाले, कारण बरेचसे काळे कापड हा प्रकाश परतवते आणि म्हणून पडद्यावर फिकट दिसते. तेव्हापासून ते रंगाऐवजी चाल, खांद्यावरची पिशवी आणि बरोबर किती जण आहेत हे लक्षात ठेवतात. गेटच्या चौकटीत अधूनमधून एक जाड पांढरा दोर हलताना दिसे. ते भिंगासमोरचे कोळ्याचे जाळे आहे, हेही त्यांनीच ओळखले, आणि आता दर शनिवारी ते लांब दांड्याच्या झाडूने ते काढून टाकतात.

पण मला विशेष सांगायचे आहे ते श्रावणातल्या एका रात्रीबद्दल. दोनला दहा मिनिटे कमी असताना दुसऱ्या पाळीवरून परतणारा बी विंगमधला एक मुलगा गेटमधून आत आला. तो आतल्या रस्त्यावर दिसला आणि थोड्या वेळाने लॉबीत दिसला, पण मधल्या पार्किंगच्या कोपऱ्यातून गेलेला काही दिसला नाही. आपली नजर चुकली असेल असे मामांना वाटले. वीस मिनिटांनी दुसरे एक रहिवासी चालत आले, तेव्हा मामांनी मुद्दाम पार्किंगच्या चौकटीवरच डोळे ठेवले. वहीत लिहिल्याप्रमाणे रस्त्यावरून निघाल्यावर नवव्या सेकंदाला माणूस तिथे यायला हवा होता. तो आला नाही आणि पुढे लॉबीत मात्र उगवला. मग मामांनी चौकटीच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली. बाकी सगळीकडे सेकंद पळत होते आणि पार्किंगच्या चौकटीत 23:37:16 हे आकडे जागच्या जागी उभे होते.

वायर निघाली किंवा वीज गेली की चौकट काळी पडून तसा संदेश येतो आणि ते कोणाच्याही ध्यानात येते. कॅमेरा आतून अडकला तर मात्र शेवटचे चित्र तसेच पडद्यावर राहू शकते. रिकामे पार्किंग आणि ओळीने उभ्या गाड्या यांचे स्थिर चित्र मध्यरात्री कोणालाही खरेच वाटणार. मामांनी रजिस्टरमध्ये वेळेसह नोंद केली आणि उजाडेपर्यंत दर अर्ध्या तासाला स्वतः पार्किंगची फेरी मारली. सकाळी त्या कॅमेऱ्याची वायर स्विचमधून काढून पुन्हा लावल्यावर मिनिटभरात चित्र चालू झाले. रेकॉर्डिंग तपासले, तर 23:37 नंतरचे त्या कॅमेऱ्याचे काहीही साठवलेले नव्हते. कॅमेऱ्यांची देखभाल पाहणाऱ्यांकडून याची सूचना आम्हाला आली नाही. ज्याला माणसाच्या पावलांचा हिशेब पाठ होता, त्याला ते कळले.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत मी दोन गोष्टी मांडणार आहे. नवीन वॉचमन रुजू होईल तेव्हा त्याने एक रात्र मामांसोबत बसावे, एकाने चालावे आणि दुसऱ्याने पाहावे, आणि त्या रात्रीचा पगार सोसायटीने दोघांनाही द्यावा. शिवाय पाळी बदलताना प्रत्येक चौकटीतले सेकंद पळत आहेत ना, हे पाहून रजिस्टरवर सही करावी. याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

एक जागा मात्र अजून तशीच आहे. पार्किंगचा कोपरा संपल्यावर लॉबीच्या पायऱ्यांपर्यंत सहा सेकंद माणूस कुठल्याच कॅमेऱ्यात नसतो. तिथे कॅमेरा लावायला खांब नाही आणि भिंत वळणाआड जाते. मामांच्या वहीत त्या जागेसमोर "इथे दिसत नाही, उठून बघणे" असे लिहिलेले आहे, आणि रात्री एकटीदुकटी बाई किंवा कोणी म्हातारे माणूस आत आले की ते खुर्चीवरून उठून केबिनच्या दारात उभे राहतात, लॉबीतला दिवा लागेपर्यंत.