चार वर्तुळं आणि त्यात न मावणारे दोन कप्पे

*"ओकिनावाचे लोक शंभर वर्षं का जगतात? कारण त्यांना आपलं इकिगाई सापडलेलं असतं! हजारो वर्षांच्या या जपानी पद्धतीत चार वर्तुळं काढा. मला काय आवडतं, मला काय जमतं, जगाला काय हवंय, पैसे कशाचे मिळतात. चारही जिथे मिळतात तेच तुमचं खरं काम, बाकी सगळी तडजोड. आज रात्री अर्धा तास काढा, उत्तर तुमच्यासमोर असेल. पुढे पाठवा."*

या मेसेजमधला जपानचा भाग आधी उरकून घेऊ. इकिगाई म्हणजे ज्यासाठी जगावंसं वाटतं ते. पण चार वर्तुळांचं हे चित्र जपानी नाही आणि जुनंही नाही. आंद्रेस सुसुनागा नावाच्या स्पॅनिश ज्योतिषाने ते काढलं, 2012 मध्ये ते एका स्पॅनिश पुस्तकात छापून आलं आणि तेव्हा मधोमध 'जीवनाचा हेतू' अशा अर्थाचा शब्द होता. 2014 मध्ये मार्क विन या ब्रिटिश उद्योजकाने ओकिनावावरचं एक भाषण ऐकलं, मधला शब्द काढून तिथे 'इकिगाई' लिहिलं आणि चित्र जगभर फिरलं. जपानमध्ये या विषयावर ज्यांचं नाव आधी घेतलं जातं त्या मानसोपचारतज्ज्ञ मिएको कामिया यांनी 1966 मध्ये लिहिलं ते नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरुग्णांमध्ये काम करून. ज्यांना समाजाने बाजूला काढलं होतं, त्यांच्यातल्या काहींना जगावंसं का वाटतं, हा त्यांचा प्रश्न होता. त्यात पगाराचं वर्तुळ कुठून येणार?

दीर्घायुष्याच्या बाजूने जपानमधल्या ओसाकी भागातला एक अभ्यास पुढे केला जातो. 2008 मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि त्यात 40 हजारांहून जास्त माणसं होती. इकिगाई नाही म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं, हे खरं. पण त्यांना विचारलं होतं एवढंच, की तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का. नोकरी कोणती, आवडते का, असं काही नाही. शिवाय आजारी, बेरोजगार माणूस 'नाही' म्हणण्याची शक्यता मुळातच जास्त.

आता 'बाकी सगळी तडजोड' याबद्दल. इथे मला चित्राच्या भूमितीवरच बोलायचंय, कारण ती कुणी तपासत नाही.

चार गोष्टींपैकी प्रत्येक आहे किंवा नाही, असं धरलं तर 16 प्रकार होतात. चार गोल मात्र कसेही ठेवा, बाहेरची मोकळी जागा धरूनसुद्धा कागदाचे जास्तीत जास्त 14 तुकडे पडतात. दोन प्रकारांना जागाच मिळत नाही. प्रचलित चित्रात 'आवडतं' वर असतं, 'पैसे' खाली, 'जमतं' डावीकडे, 'जगाला हवं' उजवीकडे. समोरासमोरचे गोल फक्त मधल्या भागात भेटतात आणि तिथे बाकीच्या दोघांपैकी एक तरी आधीच हजर असतो. म्हणजे फक्त 'आवडतं आणि पैसे मिळतात' हा कप्पा नाही आणि फक्त 'जमतं आणि हवंय' हाही नाही.

हा दुसरा कप्पा नीट बघा. छान जमतं, कुणाला तरी त्याची निकड आहे, पण पैसे नाहीत आणि विशेष आवडही नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची कूस बदलणं, जखम होऊ न देणं, औषधांच्या वेळा सांभाळणं. घरोघरच्या बायकांचा निम्मा दिवस ज्यात जातो, त्या कामाला या चित्रात टिंब टेकवायला जागा नाही. मग एखादी अर्धा तास कागद घेऊन बसते आणि 'मला काहीच येत नाही' म्हणून उठते.

उपाय सोपा आहे. गोल सोडा, तक्ता करा. प्रत्येक ओळीत एक काम, चार रकाने, प्रत्येकात शून्य ते पाच. तक्त्यात सोळाही प्रकार मावतात. शिवाय गोलात माणूस एक तर आत असतो नाही तर बाहेर, 'थोडे पैसे मिळतात' हे तिथे लिहिताच येत नाही.

राहिला अर्धा तास. त्यात तुम्ही विषयांची नावं लिहाल: इतिहास, स्वयंपाक, मुलांना शिकवणं. आवड मात्र रोज हाताखाली येणाऱ्या कामाची तपासायची असते. मोडी वाचनाचंच घ्या. समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत हिशेब बघणारी बाई आहे, पगार 26 हजार, इतिहासाची ओढ, मोडीचा वर्ग पुरा केलेला. (पुढचे आकडे हिशेब दाखवण्यापुरते, बाजारभाव नव्हेत.)

'आवडतं' मध्ये तिने लिहिलं, पेशवेकालीन पत्रं. लोक घेऊन येतात ते मात्र जुनं खरेदीखत, वाटणीपत्र किंवा गाव नमुना 14, म्हणजे कोतवालाने ठेवलेली जन्ममृत्यूची नोंद. पानामागून पान नाव, जात, तारीख. हे तासन्‌तास बसून वाचवतं का, त्याला गुण द्यायचे. 'जमतं' हेही वर्गातल्या धड्यावर ठरत नाही. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि दर कारकुनाचं वळण वेगळं. तीन वेगळ्या हातांची काही पानं वाचून जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावीत. आडनावं आणि आकडे किती चुकले तेवढं पाहावं, कारण गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं.

मग पैसे. पानाला 250 रुपये आणि वाचून, तपासून, स्वच्छ लिहायला दीड तास धरू. नोकरी सांभाळून महिन्याला 40 तास मिळाले तर 26 पानं, साडेसहा हजार. पूर्ण पगाराएवढं मिळवायचं तर 104 पानं, 156 तास. महिन्याचे 26 दिवस रोज सहा तास बसली तर होईल. म्हणजे वेळ आडवा येत नाही. अडचण आहे ती दर महिन्याला 104 पानं येतील का, याची.

आणि ही अडचण 'जगाला हवंय' या रकान्यातली आहे. सप्टेंबर 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. जगाला मोडी हवी, असं त्या वर्षी कुणीही लिहिलं असतं. पण ती मागणी सरकारी निर्णयाबरोबर येते आणि त्याच्याबरोबर ओसरू शकते. जमिनीच्या वाटण्यांचे कागद मात्र थोडे थोडे का होईना, येत राहतात. म्हणून या रकान्यात 'जग' लिहूच नये. कोण आलं, कोणता कागद घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून आणि पैसे देताना घासाघीस किती झाली, हे दर पानापुढे वहीत मांडावं. पतसंस्थेत हिशेब बघणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवावं लागणार नाही. जातीच्या दाखल्यांचे कागद वगळून दरमहा 40 पानांची मागणी टिकली, तर व्यवस्थापकाकडे अर्ध्या वेळेच्या कामाचा विषय काढायला हरकत नाही. दहा-बारावरच अडली, तर पतसंस्था सोडू नये. संध्याकाळची मोडी तशीच चालू ठेवावी.