इन्व्हर्टर विकणाऱ्यांनो, फ्रीझर सुरू होताना किती करंट ओढतो ते सांगायला काय जातं तुमचं?

आज बोलणारच आहे. जुलैपासून डोक्यात नुसती आग आहे.

मालवणजवळ माझं मासळीचं छोटं दुकान आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर. ते दोन महिने आमचं घर चालतं ते मे महिन्यात घेऊन गोठवलेल्या मालावर. या वर्षी तीनशे लिटरच्या डीप फ्रीझरमध्ये साठ किलो सुरमई आणि पंचवीस किलो सोललेली कोळंबी भरली होती. खरेदीचेच पंचेचाळीस हजार. आणि कोकणात पावसाळ्यात लाईट कशी असते ते इथल्या कुणाला सांगायला नको. म्हणून मेमध्येच इन्व्हर्टर घ्यायला गेले. फ्रीझरच्या मागच्या लेबलाचा फोटो दाखवला, २०० वॅट. दुकानदार म्हणाला, "वहिनी, दोनशे वॅट म्हणजे काहीच नाही. साडेआठशे व्हीएचा न्या, दीडशे एएचची बॅटरी लावा, फ्रीझर चालून वर पंखा पण फिरेल."

माणूस पाठवून बसवून दिला. त्या माणसाने माझ्यासमोर मेन स्विच पाडला, फ्रीझर चालूच राहिला. मी खूश. पैसे दिले.

ती तपासणीच फसवी होती, हे मला पंचेचाळीस हजारांचा माल गेल्यावर कळलं. त्याने मेन पाडला तेव्हा फ्रीझरचा कॉम्प्रेसर आधीच फिरत होता. फिरत्या मोटरला इन्व्हर्टर पुढे ओढून नेतो, त्याला फार जोर लागत नाही. खरा जोर लागतो थांबलेला कॉम्प्रेसर पुन्हा उठवायला. नंतर आमच्या इलेक्ट्रिशियनने चिमटा मीटर लावून दाखवलं. चालताना एक-सव्वा अँपिअर आणि सुरू होताना क्षणभर साडेसात. २३० व्होल्टला हिशेब करा, सतराशे व्हीएच्या वर जातं. साडेआठशेचा इन्व्हर्टर तिथे काय करणार? लेबलावर फक्त चालतानाचे वॅट लिहितात, सुरू होतानाचा आकडा नसतो. पण जो माणूस रोज इन्व्हर्टर विकतो त्याला हे माहीत नसतं? असतं! मग विचारायचं ना गिऱ्हाइकाला, की बाई, यावर मोटर चालवणार की दिवे?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेदहाला लाईट गेली. मी दुकानात जाऊन बघितलं, फ्रीझर चालू होता. निवांत झोपले. पुढे जे झालं ते कुणी बघितलं नाही, पण आता समजतंय. आत हवा तेवढा थंडावा झाल्यावर थर्मोस्टॅटने कॉम्प्रेसर बंद केला. थोड्या वेळाने तो पुन्हा उठायला गेला आणि इन्व्हर्टर ओव्हरलोडवर बंद पडला. तीन-चार वेळा स्वतःच प्रयत्न करतो आणि मग लॉक होतो, बटण दाबून रिसेट करेपर्यंत गप्प. सकाळी सातला गेले तर लाल दिवा. बॅटरी जवळपास भरलेली! रिसेट केलं, दोन सेकंद घुंईऽऽ, आणि परत बंद. दहा वेळा केलं असेल.

झाड मेन लाईनवर पडलं होतं. दोन दिवस लाईट नाही. बंदीत बर्फाचा कारखानाही बंद. जनरेटर भाड्याने बघितला तर सगळे आधीच गेलेले. सासूबाई सांगत होत्या, "झाकण उघडू नको गो," आणि मी घाबरून दर तासाला उघडून हात लावून बघत होते. ती चूक माझी. भरलेल्या फ्रीझरचं झाकण बंद ठेवलं असतं तर पहिला दिवस तरी नक्की निघाला असता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोळंबीच्या पिशव्यांत पाणी सुटलं, सुरमईचे तुकडे बोटाने दबायला लागले. लाईट आली तीही १६५ व्होल्टने. कॉम्प्रेसर गुणगुणायचा, टक् करून कट व्हायचा, पुन्हा तेच. एक जण म्हणाला, परत गोठव, कोणाला कळतंय. मी नाही करणार असलं. माझ्याकडून लहान मुलांच्या घरी मासे जातात. कोळंबी पुरली. सुरमईतली थोडी शेजारीपाजारी वाटली, बाकी तीही गेली.

दुकानदाराकडे गेले तर म्हणतो, "वहिनी, मोटरसाठी मोठा लागतो." मेमध्ये काय तोंड शिवलं होतं? दोन हजार व्हीएचा साईन वेव्ह इन्व्हर्टर आणि दीडशे एएचच्या दोन बॅटऱ्या, बेचाळीस हजार सांगितले. म्हणजे जेवढ्याचा माल कुजला जवळपास तेवढेच. आधी सांगितलं असतं तर मी कर्ज काढून घेतला असता.

आता इलेक्ट्रिशियनने सांगितलेलं करतेय. लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम मीठ, अशा वीस बाटल्या, वर थोडी जागा सोडून, फ्रीझरच्या कडेने आणि वरून लावल्या आहेत. साधा बर्फ शून्याला वितळतो, तोवर मासा सुटायला लागलेला असतो. हे मिठाचं पाणी त्याआधीच हळूहळू वितळत उणे सहाच्या आसपास पूर्ण वितळतं, आणि तो बर्फ संपेपर्यंत मासा घट्ट राहतो. झाकण बंद असेल तर रात्र आरामात निघते. बाटल्या मात्र माल भरण्याआधी दोन दिवस गोठवाव्या लागतात. आणि एका वाटीत पाणी गोठवून वर रुपयाचं नाणं ठेवलंय. नाणं बुडालेलं दिसलं की समजायचं, आपण नसताना आतलं सुटून पुन्हा गोठलंय. फ्रीझरला तीन मिनिटं थांबून चालू करणारा स्टॅबिलायझरही लावला, कारण लाईट आल्या आल्या गॅसचा दाब उतरायच्या आत कॉम्प्रेसर उठायला गेला की तो अडकतो. यातलं काहीही मला दुकानात कुणी सांगितलं नाही. या सगळ्याला मिळून अडीच हजारही लागले नाहीत!

वर रोजचा खर्च बघा. फ्रीझर विकताना म्हणाले होते दिवसाला दोन युनिट. मी बाकी सगळं बंद ठेवून मीटर लिहून घेतला, चार युनिटच्या वर. पत्र्याचं छप्पर, मागे भिंत चिकटलेली, आत बोटभर बर्फ साचलेला. भिंतीपासून वीतभर ओढला, बर्फ काढला, झाकणाचं रबर बदललं, तेव्हा सव्वातीनवर आलं. व्यापारी दराने सगळं धरून मला युनिट चौदा रुपयांना पडतं. म्हणजे तेव्हा रोजचे साठ, आता पंचेचाळीस. महिन्याला साडेचारशेचा फरक, फक्त जागा, साचलेला बर्फ आणि रबर यांचा.

आणि जुलैचं बिल आलं. दोन दिवस अंधार, माल गेला, दुकान आठ दिवस बंद. स्थिर आकार पूर्ण महिन्याचा. एक पैसा कमी नाही.