आधी भाव वाढवा, चप्पल नंतर शिवा

तुम्ही कोल्हापुरी चपला विकता आणि धंद्यात राम उरला नाही, अशी तुमची तक्रार आहे. चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, शिलाई चामड्याच्याच वादीची, खिळा एकही नाही, आणि तरी चांगला जोड हजार-दीड हजारात. यात तुमचं काय चुकतंय ते सांगतो. तुमची चप्पल जरुरीपेक्षा चांगली आहे आणि तिचा भाव जगाला ठाऊक आहे. पहिल्या दोषाकडे दुर्लक्ष करता येईल. दुसरा मात्र धंदा बुडवतो.

शिकायचं असेल तर मिलानकडे बघा. जून २०२५मध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या फॅशन शोमध्ये पुरुष मॉडेल्स जे पायात घालून चालले, ते बघून अख्ख्या कोल्हापूरने एकच उद्गार काढला, ‘ही तर आपलीच की!’ कोल्हापुरीला २०१९पासून भौगोलिक मानांकन असताना तिचं नावसुद्धा घेतलेलं नव्हतं. ओरड झाली, पत्रं गेली, कंपनीने प्रेरणा भारतातल्या पारंपरिक चपलेची असल्याचं मान्य केलं. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. त्यानुसार इथल्याच भागात २००० जोड करायचे आणि जगभर विकायचे ठरले. भाव सुमारे ८०० युरो, म्हणजे साधारण ८४ हजार रुपये.

आता तुम्ही हिशेब मांडाल. चामडं इतकं, मजुरी इतकी, इटालियन तंत्रज्ञान म्हणून आणखी काही धरू, तरी ८४ हजार कसे होतात? असा हिशेब मांडता म्हणूनच तुम्ही चप्पल लाइनीत बसलेले आहात. किंमत खर्चावरून काढायची ही सवय आधी मोडा.

मग किंमत कशावरून काढायची? यासाठी हार्वी लायबनस्टाइन या अर्थशास्त्रज्ञाला शरण जा. त्याने १९५०मध्ये एका निबंधात मोठ्या कामाची गोष्ट सांगून ठेवली आहे. दिखाऊ वस्तूला दोन किमती असतात. एक, गिऱ्हाइकाने खरोखर मोजलेली. दुसरी, त्याने मोजली असेल असं बघणाऱ्यांना वाटतं ती. हिला आपण दिसती किंमत म्हणू. गिऱ्हाईक पैसे मोजतं पहिल्या किमतीचे, पण त्याला सुख मिळतं ते दुसऱ्या किमतीतून. थॉर्स्टीन व्हेब्लेन या आधीच्या अर्थशास्त्रज्ञाने १८९९मध्ये श्रीमंतांच्या उधळपट्टीचं वर्णन केलं होतं, त्याला लायबनस्टाइनने असं हिशेबात बसवलं. भाव वाढला की मागणीही वाढते, या उलट्या चालीला व्हेब्लेन परिणाम म्हणतात तो यामुळेच. मात्र विद्यार्थी पेपरात एक घोळ घालतात, गिऱ्हाइकाला महाग घेणंच आवडतं असं लिहितात. महाग पडावं अशी कुणाचीच इच्छा नसते. महाग पडलं हे लोकांना कळावं, एवढीच असते. वस्तू जर गुपचूप अर्ध्या किमतीत मिळाली आणि शेजाऱ्याला पत्ता लागला नाही, तर व्हेब्लेनचं गिऱ्हाईक आनंदाने नाचेल.

तेव्हा तुमचं पहिलं काम म्हणजे दुकानातली घासाघीस बंद करणं. ‘काय दादा, शेवटचा भाव सांगा’ असं विचारणारी बाई दीडशे रुपये वाचवते, इथपर्यंत ठीक. पण मग ती घरी जाऊन चार जणींना सांगते की बाराशे म्हणत होता, साडेदहाशेला दिली. त्या चौघींच्या डोक्यात तुमच्या चपलेची दिसती किंमत त्या क्षणी कायमची साडेदहाशे होते. यापुढे ती पाच हजारांना घेणारा माणूस श्रीमंत दिसणार नाही, बावळट दिसेल. सेलची पाटी तर चुकूनही लावू नका. उरलेल्या मालाचं काय, असं विचाराल, तर बर्बरी या ब्रिटिश कंपनीचं उदाहरण आहे. तिने २०१७-१८ या एका आर्थिक वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केला. स्वस्तात विकला असता तर पैसे आले असते, पण तोच कोट भलत्याच खांद्यांवर दिसला असता आणि पूर्ण भावाने घेणारा हळहळला असता. बातमी फुटल्यावर इतकी छीथू झाली की २०१८च्या सप्टेंबरात कंपनीने ही प्रथा सोडली. तुम्ही चपला जाळू नका, वास फार येतो. पण ही वृत्ती अंगी बाणवा.

दुसरं काम जाहिरातीचं, आणि इथे बहुतेक दुकानदार पैसे वाया घालवतात. ते जाहिरात करतात गिऱ्हाइकांसाठी. तुम्ही करा ती जे कधीच घेणार नाहीत त्यांच्यासाठी. घड्याळाच्या पानभर जाहिराती ज्या अंकात येतात, तो अंक वाचणाऱ्यांपैकी कितीजण ते घड्याळ घेतात? पण न घेणाऱ्यांना ते ओळखू आलं नाही, तर घेणाऱ्याचे पैसे पाण्यात. मनगटावरच्या घड्याळाची किंमत समोरच्याच्या डोक्यात आधीच छापलेली असावी लागते, आणि ती छपाई जाहिरात करते. हेवा करायला शिकवलेली माणसं हाच तुमच्या मालाचा मुख्य कच्चा माल आहे. चामडं नंतर बघू.

तिसरं काम अवघड आहे, कारण तुमचे संस्कार आड येतील. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणा. एर्मेस या फ्रेंच कंपनीची ‘बर्किन’ नावाची बॅग १९८४पासून आहे. अभिनेत्री जेन बर्किनला विमानात शेजारी बसलेल्या कंपनीच्या प्रमुखाने ती सुचवली, ही कथा कंपनीच सांगते. ही बॅग दुकानात जाऊन पैसे टाकून उचलता येत नाही. दुकानदाराने तुम्हाला ती देऊ करावी लागते. मार्च २०२४मध्ये कॅलिफोर्नियात दोन गिऱ्हाइकांनी खटला भरला. तक्रार अशी की बॅग मिळायच्या आधी स्कार्फ, बूट, दागिने असं बरंच काही घ्यायला लावतात. २०२५मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. कंपनीचं नुकसान तर झालं नाहीच, उलट जिच्यासाठी माणसं कोर्टात जातात अशी बॅग म्हणून फुकट जाहिरात झाली. पैसा असूनही मिळत नाही म्हटल्यावर, ज्याच्या हातात ती दिसते त्याच्याकडे पैशापलीकडचं काहीतरी आहे, असा समज होतो. लायबनस्टाइनने याला वेगळं खातं दिलं आहे, स्नॉब परिणाम: इतरांकडे कमी म्हणून मला हवी. व्हेब्लेनचं गिऱ्हाईक भावाकडे बघतं, स्नॉब गिऱ्हाईक डोकी मोजतं. प्रत्यक्षात भाव चढवला की डोकी आपोआप कमी होतात, म्हणून दोघं एकाच रांगेत उभे दिसतात. २००० जोड हा आकडा का काढला असेल, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. कोल्हापुरात विचारलं असतं तर वीस हजार देतो म्हणाले असते. पुढच्या वेळी कुणी चांगली कापशी चप्पल मागितली की विचारा, ‘या आधी आमच्याकडून काय काय घेतलंय तुम्ही?’

कुणी म्हणेल, दाखवायचं नसतं तेव्हाही महाग वस्तू बरी वाटतेच की. वाटते. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वीस जणांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून वाइन चाखवली. एकच वाइन एकदा १० डॉलरची म्हणून, एकदा ९० डॉलरची म्हणून. नव्वदवाली जास्त आवडल्याचं त्यांनी सांगितलं, आणि सुखाशी संबंधित मेंदूचा भागही तेव्हा जास्त चेतला. किमती न सांगता चाखवल्यावर फरक गायब. हा वेगळा व्यवहार आहे. इथे भाव चांगुलपणाची हमी देतो, शेजाऱ्याची गरज नसते. तुमच्या दृष्टीने तो दुय्यम, कारण चपलेत ही हमी टाच झिजेपर्यंतच टिकते.

आता नावाचा शिक्का केवढा मारायचा? मोठा, असं तुम्ही म्हणणार. २०१०मध्ये तीन संशोधकांनी लुई व्हिताँ आणि गुचीच्या बॅगा तपासल्या, तेव्हा चाल उलटी निघाली. शिक्का जितका ठळक, तितकी बॅग त्या मानाने स्वस्त. सर्वात महाग माल गप्प असतो, कारण तो घेणाऱ्याला फक्त आपल्यासारख्यांनी ओळखलं की पुरे. नकली माल करणारे ठळक शिक्क्याच्या बॅगांवरच तुटून पडतात, कारण त्यांच्या गिऱ्हाइकाला रस्त्यावरच्या सगळ्यांनी ओळखायला हवं असतं. म्हणून दोन प्रकार ठेवा. नवश्रीमंतांसाठी अंगठ्यावर मोठं अक्षर, आणि जुन्या घराण्यांसाठी काहीच नसलेला, दुप्पट भावाचा.

भाव मात्र बेतानेच चढवा. शनेल या फ्रेंच कंपनीने करोनानंतरच्या वर्षांत आपल्या प्रसिद्ध बॅगेचे भाव सपाटून वाढवले. २०२४मध्ये विक्री सुमारे ४ टक्के घटली आणि कामकाजातला नफा ३० टक्के पडला. यात चीनमधल्या मंदीचा हात होता, पण ज्या मध्यमवर्गीय बायका वर्षभर पैसे साठवून एकदाच अशी बॅग घेत, त्यांनीही हात आखडला. व्हेब्लेनची उलटी रेघ पगाराची भिंत लागेपर्यंतच वर जाते. शिवाय भाव वाढताना शिलाई तीच राहिली, तर लोक टाके मोजू लागतात, आणि टाके मोजणारं गिऱ्हाईक आपल्या कामाचं नाही. ते परत हजार-दीड हजारावर येऊन थांबतं.

हे सगळं जमणार नसेल, तर तुमच्या जुन्याच गिऱ्हाइकांना लायबनस्टाइनचा एक फायदा समजावून सांगा. ८४ हजारांच्या जोडाची छायाचित्रं जगभर पोचली की लंडनच्या विमानतळावर तुमची साधी कोल्हापुरी घातलेल्या माणसाची खरी किंमत हजार आणि दिसती किंमत ८४ हजार होईल. व्हेब्लेनच्या गिऱ्हाइकाला याहून मोठं सुख नाही. फक्त प्राडाचा जोड घालून कुणी कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर येऊ नये. तिथे दोन्ही किमती नेमक्या उलट्या होतील, आणि कुणीतरी खाली वाकून तळ चाचपत म्हणेल, ‘भावा, हजाराच्या वर दिले असशील तर फसवलं तुला.’