बारा पेट्यांचा हिशेब

माझ्या नोकरीची तेहेतीस वर्षे लेखा विभागात गेली आणि आकड्यांवरून मी कधी कोणाशी हरलो नाही, असा समज माझ्या सासुरवाडीत पसरलेला आहे. तो मीच पसरवला असल्यामुळे त्याचे परिणामही मलाच भोगावे लागतात. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, साताऱ्याच्या घरी दुपारची वामकुक्षी चालू असताना, माझ्या सांगलीच्या मेहुण्यांचा फोन आला. जुन्या घराच्या बैठकीतली शहाबादी फरशी काढून तिथे दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवण्याचे त्यांनी ठरवले होते. "दाजी, नकाशाचा फोटो टाकलाय. किती पेट्या लागतील तेवढं बघा की. दुकानदार अकरा म्हणतोय, पण दुकानदाराचं काय खरं?" असे म्हणून त्यांनी माझ्या उत्तराची वाट न पाहता फोन ठेवला.

नकाशा हळदीच्या सौद्याच्या पट्टीमागे काढलेला होता. पुढच्या बाजूची शाई उमटल्यामुळे बैठकीच्या मधोमध पोत्यांची संख्या आणि हमालीची रक्कम उलटी दिसत होती. फोटो तिरका काढलेला होता आणि खालच्या भागावर मेहुण्यांच्या स्वतःच्या डोक्याची सावली पडली होती. आधी मी मोबाइलच्या पडद्यावर मोजपट्टी ठेवून भिंतींचे प्रमाण काढून पाहिले, तेव्हा लांबीपेक्षा रुंदी जास्त निघाली. तिरक्या फोटोत जवळची भिंत मोठी आणि लांबची लहान दिसते, आणि मुळात मेहुण्यांनी नकाशा प्रमाणात काढलेलाच नव्हता. अशा चित्रातून खोलीचा आकार आणि दारांच्या जागा तेवढ्या घ्याव्यात, मापासाठी लिहिलेल्या आकड्यांशिवाय कशावरही विसंबू नये, हे मला मोजपट्टी परत कपाटात ठेवताना समजले.

आकडे दोनच होते : १४.६ आणि ११.३. त्यातला टिंब हा दशांशचिन्ह नसून फूट आणि इंच यांच्यामधला कुंपणाचा खांब आहे, हे ओळखण्याइतका अनुभव मला होता. ही चूक या मापांत फार महाग पडत नाही, पण कोणी दहा फूट दहा इंचांना १०.१० असे लिहिले आणि आपण ते कॅल्क्युलेटरवर जसेच्या तसे मारले, तर जवळजवळ नऊ इंच भिंत कॅल्क्युलेटरच्या पोटात गडप होते. माझी खरी पंचाईत वेगळी होती. घाईत लिहिलेला देवनागरी तीन आणि सहा हे एकमेकांचे आरशातले भाऊ असतात, त्यामुळे रुंदी अकरा फूट तीन इंच की अकरा फूट सहा इंच, हे कळायला मार्ग नव्हता. फोन केला तर मेहुणे म्हणाले, "अकरा फूट आणि वर थोडं." माप कशाने घेतले असे विचारल्यावर कळले की वहिनींच्या शिलाईच्या टेपने घेतले. ती टेप पाच फुटांची असल्यामुळे दर पाच फुटांवर खडूची खूण करत, आणि ओढली की लांब होते म्हणून अंदाजाने सैल सोडत, त्यांनी बैठक पार केली होती.

मी त्यांना शेजारच्या गवंड्याकडून पोलादी टेप आणायला लावली आणि चारही भिंती स्वतंत्रपणे मोजायला सांगितल्या. शिवाय कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे दोन्ही कर्ण मागितले. कर्ण हा शब्द ऐकल्यावर पलीकडे काही क्षण महाभारतकालीन शांतता पसरली. पण या दोन मापांत मोठा गुण असतो. साडेचौदा फूट आणि सव्वाअकरा फूट अशा बाजू असतील, तर कर्ण अठरा फूट चार इंचांच्या आसपास यायला हवा. रुंदी साडेअकरा असेल, तर तो अठरा फूट सहा इंच येतो. आणि दोन कर्ण एकमेकांशी जुळले नाहीत, तर खोली गुण्यात नाही, म्हणजे कडेचा प्रत्येक तुकडा वेगळ्या मापाचा कापावा लागणार. संध्याकाळी उत्तर आले : एक कर्ण अठरा फूट चार इंच, दुसरा त्याहून अर्धा इंच जास्त. म्हणजे तो तीनच होता, आणि आजेसासऱ्यांच्या काळातल्या गवंड्याने काटकोन बऱ्यापैकी पाळला होता.

आता दुकानदाराच्या अकरा पेट्यांकडे वळलो. क्षेत्रफळ १६३ चौरस फूट, पेटीत चार टाइल्स, दोन बाय दोनच्या चार म्हणजे सोळा चौरस फूट, १६३ भागिले सोळा म्हणजे दहा पेट्या आणि वर थोडे, म्हणून अकरा. वरवर पाहता यात खोट नाही. परंतु दोन बाय दोनची टाइल दोन बाय दोनची नसते. पेटीवर ६०० बाय ६०० मिलिमीटर असे छापलेले असते, आणि ६०० मिलिमीटर म्हणजे तेवीस इंच पाच सूत. दोन फुटांना तीन सूत कमी पडलेली ही टाइल पेटीमागे साडेपंधरा चौरस फूटच भरते. तरीही अकरा पेट्यांत क्षेत्रफळ बसते आणि वर जवळजवळ दोन टाइल्स उरतात, हे मी मान्य करतो. दुकानदार खोटे बोलत नव्हता. तो फक्त टाइल पिठासारखी मळून लाटता येते, असे गृहीत धरत होता.

टाइल लाटता येत नाही, कापावी लागते, आणि म्हणून खोली क्षेत्रफळाने न मोजता ओळींनी मोजावी लागते. मी चौकटीच्या वहीत खोली आखली. दोन टाइल्समधली स्पेसरची फट धरून एक टाइल सुमारे २३.७ इंच जागा घेते. लांबीच्या १७४ इंचांत सात पूर्ण टाइल्स बसतात आणि आठ इंच उरतात. रुंदीच्या १३५ इंचांत पाच पूर्ण बसतात आणि साडेसोळा इंच उरतात. म्हणजे पूर्ण टाइल्स पस्तीस. रुंदीकडच्या कडेला साडेसोळा इंची सात तुकडे लागतात आणि प्रत्येकासाठी एक टाइल मोडावी लागते. मोडून उरते ती सात इंचांची पट्टी. लांबीकडच्या कडेला पट्टी हवी आठ इंचांची! एका इंचासाठी सातही पट्ट्या नापास झाल्या, आणि त्या रात्री मला या गोष्टीचे खरोखर वाईट वाटले. आठ इंची पट्ट्या कोपऱ्याच्या तुकड्यासकट सहा हव्या होत्या. एका टाइलमधून तीन काढायच्या तर चोवीस इंच लागतात, वर कटरचे पाते खाईल ते वेगळे, आणि टाइल तर तीन सूत आधीच कमी. म्हणून एका टाइलमधून दोनच निघतात आणि तीन टाइल्स जातात. पस्तीस, सात आणि तीन मिळून पंचेचाळीस. दुकानदाराच्या अकरा पेट्यांत चव्वेचाळीस.

एका टाइलने मी दुकानदाराला पकडले होते. तो आनंद शब्दांत सांगता येणार नाही. सरधोपटपणे दहा टक्के वेस्टेज धरले असते तरी बाराच पेट्या आल्या असत्या, पण पावतीवर दहा टक्के लिहिणे आणि ते दहा टक्के खोलीच्या कोणत्या कडेला जातात हे दाखवून देणे यात फरक आहे. मी वहीच्या पानाचा फोटो, सरळ आणि सावलीविना, मेहुण्यांना पाठवला आणि खाली लिहिले : "बारा पेट्या. तीन टाइल्स शिल्लक राहतील." मिस्त्रींनी कडेचे तुकडे दोन्ही बाजूंना सारखे दिसावेत म्हणून मध्यापासून सुरुवात करू का, असे विचारले, तेव्हा लांबीत तसे केल्यास तीन टाइल्स जास्त जातील, हेही मी साताऱ्याहून ऐटीत कळवले. मग दारापासून पूर्ण टाइलने सुरुवात करायची आणि तुकडे समोरच्या भिंतीला, दिवाणाखाली ढकलायचे, असे ठरले.

चौथ्या दिवशी मिस्त्रींचा फोन आला. आवाजात अदब होती, आणि अदबीने आलेल्या फोनची मला नोकरीपासून धास्ती आहे. ते म्हणाले, "साहेब, हिशेब एकदम बरोबर आहे तुमचा. फक्त स्कर्टिंग कशातनं काढायचं तेवढं सांगा."

भिंतीच्या पायथ्याशी चार इंचांची पट्टी फिरते ती स्कर्टिंग. साताऱ्याच्या ज्या खोलीत बसून मी हा हिशेब केला, तिच्याही चारही भिंतींना ती आहे, आणि वही आखताना माझे पाय तिलाच टेकलेले होते.

दोन दारे वगळून बैठकीचा घेर पंचेचाळीस फूट होता, म्हणजे तेवीस पट्ट्या. इथे त्या नापास झालेल्या सात पट्ट्या पुन्हा परीक्षेला बसल्या. आठ इंचांना त्या पुरत नव्हत्या, पण चार इंचांना सात इंच ऐसपैस होतात. आठ इंची पट्ट्या काढलेल्या तीन टाइल्सचे उरलेले तुकडेही साडेसात इंचांचे होते. अशा दहा पट्ट्या टाकाऊतून निघाल्या. राहिल्या तेरा. एका अखंड टाइलमधून पाच निघतात, म्हणून तीन टाइल्स. माझ्या शिल्लक तीन टाइल्स. पंचेचाळीस आणि तीन अठ्ठेचाळीस, बरोबर बारा पेट्या. हे गणित फोनवर सांगताना मला गहिवरून आले, आणि मिस्त्री म्हणाले, "व्हय साहेब, पण एक फुटलीय की."

ती पेटी टेंपोतून उतरवताना कोपऱ्यावर आपटली होती. टाइल कोपऱ्यातच फुटली असती तर तुकड्यात वापरता आली असती, पण ती मधोमध तडकली. मेहुणे दुकानात गेले. एक सुटी टाइल मिळेना, पेटी घ्यावी लागेल असे कळले, आणि पेटीवरचा शेड नंबर आधीच्या बारा पेट्यांच्या नंबराशी जुळेना. टाइल तीच, नाव तेच, डिझाइन तेच, पण भट्टीतून निघालेला घाणा वेगळा असला की रंगात फरक पडतो. हातात एकटी धरली तर तो दिसत नाही. शेजारी ठेवली की दिसतो, आणि ट्यूबलाइट लावली की दुसरे काहीच दिसत नाही. म्हणून सगळ्या पेट्यांचा नंबर एक पाहून एकदमच घ्याव्यात आणि हिशेबाच्या वर निदान एक पेटी धरावी. ती तेरावी पेटी लिहायला मला वहीत भरपूर जागा होती.

मार्ग मिस्त्रींनीच काढला. जुन्या रंगाच्या सगळ्या टाइल्स जमिनीवर आणि स्कर्टिंगमध्ये वापरल्या आणि नव्या रंगाच्या एका टाइलमधून स्कर्टिंगच्या उरलेल्या तीन पट्ट्या काढून सहा फूट निभावून नेले. त्यांतल्या दोन दिवाणामागे गेल्या. तिसरीला लपायला जागा नव्हती, ती बैठकीच्या दारामागे बसवली.

भाऊबीजेला आम्ही सांगलीला गेलो. बैठक सुरेख दिसत होती, मेहुण्यांनी आल्यागेल्याला "आमच्या दाजींचा हिशेब" म्हणून कौतुकाने सांगितले, आणि ओवाळणी झाल्यावर बाहेरून डास येऊ लागले म्हणून मी दार लावायला उठलो. तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून घाईघाईने म्हणाल्या, "दार असू द्या दाजी, आम्ही ते लावत नाही."

मी पुन्हा पाटावर बसलो आणि डास मारू लागलो.